टी-शर्टचा कुर्ता केला आणि कॉलर, बाही, घेर, पट्टा सगळंच बिघडलं: साखरपुड्याच्या एका फोटोचं प्रकरण

डिसेंबरमधली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर साखरपुडा होता, त्यातला एक ग्रुप फोटो माझ्याकडे आला. मी इंदिरानगरला घरूनच रिटचिंगची कामं करते, बहुतेक लग्नाचीच. फोटोत पाच जण, आपल्या डावीकडून वडील, आई, मुलीचा भाऊ, मुलगी आणि होणारा जावई. सगळे नटूनथटून, फक्त भाऊ सातपूर एमआयडीसीतून शिफ्ट संपवून थेट तिथे आलेला, अंगात राखाडी टी-शर्ट, खाली जीन्स, उजव्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. नंतर त्याने कपडे बदलले पण तोवर ऊन गेलं होतं आणि सगळे एकत्र असलेला चांगला फोटो तेवढा एकच. मुलीच्या आईला, म्हणजे काकूंना, तो 24 बाय 16 इंचाची फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा होता, आणि भावाला क्रीम कुर्ता-पायजमा आणि वर मरून जॅकेट हवं होतं, ते त्याने नंतर घातलं होतं तसंच. मी आधी त्या दादांना स्वतःला व्हॉट्सअॅपवर विचारलं, की तुमचे कपडे फोटोत बदलायचेत, चालेल ना, ते हो म्हणाले मग कामाला हात लावला. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मी कुणाचे कपडे बदलत नाही.

खरं तर काम माझ्याकडे अर्धवट झालेलं आलं. ज्या मुलाने शूट केलं होतं त्यानेच एआय फिलने कपडे बदलून दिले होते, मोबाईलवर ते झकास दिसत होतं, सगळ्यांनी अंगठे दिले, आणि मग काकूंनी लॅपटॉपवर उघडून बघितलं. त्यांनी फोनवर मला जे सांगितलं ते असं, "अगं, माझी पर्स हवेत लटकतेय आणि याचा एक हात तोकडा झालाय." बाकीचं मी उघडल्यावर दिसलं.

नशीब एवढं की त्याने ओरिजिनल फाइल जपून ठेवली होती, 6000 बाय 4000 पिक्सेल, आणि मला दोन्ही पाठवल्या. ओरिजिनल नसती तर मी हे काम घेतलं नसतं, का ते पुढे येईलच.

पहिलं काम मी करते ते मोजपट्टी तयार करणं. हे कुणी करताना मला फारसं दिसत नाही पण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. दादांची उंची 5 फूट 8 इंच, म्हणजे 68 इंच, फोटोत ते डोक्यापासून पायापर्यंत साधारण 3000 पिक्सेल येत होते. म्हणजे अंगावरचा एक इंच म्हणजे या फोटोत 44 पिक्सेल. आता जॅकेटची कॉलर साधारण दीड इंचाची म्हटली तर ती 66 पिक्सेल उंच हवी, कुर्त्याची खालची दुमड अर्ध्या इंचाची म्हटली तर 22 पिक्सेल. एवढं हाताशी असलं की "काहीतरी चुकतंय पण काय कळत नाही" हा प्रकार बंद होतो. त्या एआयने दिलेली कॉलर मोजली तर आपल्या डावीकडे 70 पिक्सेल आणि उजवीकडे 105! म्हणजे एका बाजूला दीड इंच आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ अडीच.

दुसरं, फोटोशॉपमध्ये फोटो आडवा उलटा करून बघायचा, `View > Flip Horizontal`. एकच चित्र अर्धा तास बघून डोळा सरावतो, उलटं केलं की वाकडं लगेच टोचतं. मी तसं केलं आणि कागदावर लिहून काढलं: कॉलर दोन बाजूंनी दोन तऱ्हेची, बटणपट्टी वाकडी, बाह्यांच्या लांबीत 210 पिक्सेलचा फरक म्हणजे पावणेपाच इंच, कुर्त्याचा खालचा घेर पायजम्यात वितळलेला आणि उजवीकडे बहिणीच्या साडीत मिसळलेला, आणि आईच्या पर्सचा पट्टा मधून गायब.

हे सगळं एकाच कारणाने झालेलं होतं बरं का. त्या मुलाने मानेपासून गुडघ्यापर्यंत एकच भलंमोठं सिलेक्शन केलं होतं, जवळजवळ 1800 पिक्सेल उंच, आणि त्यात शेजारच्यांचं थोडं थोडं अंग पण आलं होतं. एआयला त्या सिलेक्शनमधलं सगळंच नव्याने काढायची मुभा मिळते, तिथे काकूंच्या पर्सचा पट्टा होता हे त्याला सांभाळायचं काही कारण नाही. आणि ही टूल्स तुकडा एका ठराविक मापातच बनवतात, मोठ्या जागेवर मग तो ताणून बसवतात. फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल 2023 मध्ये आलं तेव्हा ते माप 1024 बाय 1024 पिक्सेल होतं, पुढे सुधारलं, पण सिलेक्शन जितकं मोठं तितकं कापड मऊ आणि कडा भुसभुशीत हे अजूनही होतंच.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात मी काही नवीन बनवण्यापासून केली नाही, जुनं परत आणण्यापासून केली. ओरिजिनल खाली, एडिट केलेला लेयर वर, वरच्याला मास्क, आणि जिथे जिथे एडिटची गरजच नव्हती तिथे मास्क काळा करून ओरिजिनल वर काढलं. काकूंची पर्स आणि पट्टा, मुलीच्या साडीचे काठ, दादांच्या दोन्ही हातांची बोटं, घड्याळ, मागची हिरवळ. अर्ध्या तासात निम्म्या चुका गेल्या, आणि त्या जागेवर खरा फोटो आला, दुरुस्त केलेला नाही. ओरिजिनल का लागते ते यासाठी.

पण पट्ट्याचं प्रकरण तेवढ्यावर सुटलं नाही. काकूंच्या डाव्या खांद्यावर पर्स आणि दादांच्या उजव्या खांद्यावर बॅग, म्हणजे दोन्ही पट्टे त्या दोघांच्या मधल्या फटीतच. काकूंचा पट्टा परत आणला तर त्याच्यासोबत दादांच्या बॅगेचा पट्टा पण थोडा परत आला, कारण कोपराजवळ ते दोन्ही एकमेकांवरून जात होते. आता जॅकेटच्या खांद्यावर पट्टा नाही, कोपराखाली मात्र चार इंच काळी पट्टी कुठूनही न येता कुठेही न जाता उभी! पट्टा म्हणजे काय, त्याला दोन टोकं असतात आणि मध्ये तो कुठेतरी टेकतो. मी अशा वेळी बोटाने स्क्रीनवर पट्टा पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत गिरवून बघते, बोट जिथे अडकेल तिथे चूक. ठेवायचा तर अख्खा ठेवायचा, काढायचा तर अख्खा काढायचा. दादांचा पट्टा काढायचा होता, म्हणून दोन्ही पट्ट्यांना पेन टूलने वेगवेगळा पाथ काढला, काकूंचा मास्कने राखला, आणि दादांचा जो उरला होता त्याच्या जागी शेजारच्या साडीचा भाग क्लोन स्टॅम्पने भरला. साडी तिथे प्लेन होती, काठ असता तर एवढं सोपं गेलं नसतं.

आणि एक गोष्ट राहून जाते ती सावली. पट्टा काढला तरी त्याची साडीवर पडलेली बारीक सावली तशीच राहते, मग तिथे नुसतीच एक काळसर रेघ दिसते. उलट काकूंचा पट्टा जिथे खांद्यावर टेकतो तिथे ओरिजिनलमध्ये ब्लाउजचं कापड थोडं दबलेलं होतं आणि पट्ट्याच्या खालच्या कडेला दोन-तीन पिक्सेलची गडद रेघ होती. तीच त्याला खांद्यावर बसवते. कुणाला नव्याने पट्टा काढावा लागला तर ती रेघ विसरू नका, ती नसेल तर पट्टा कितीही नीट काढा, तो तरंगतोच.

मग कॉलर. इथे माझे जवळपास दोन तास गेले आणि पहिला तास फुकट गेला. मी पण तेच केलं जे सगळे करतात, डावी बाजू बरी दिसत होती, ती कॉपी केली, उलटी केली, उजवीकडे लावली. लगेच तीन भानगडी. एक, दादा किंचित बहिणीकडे वळून उभे होते, म्हणजे आपल्या उजवीकडची बाजू कॅमेऱ्यापासून लांब, ती अरुंद दिसायला हवी, सारखी नाही. दोन, ऊन डावीकडून होतं, उलट्या केलेल्या तुकड्यावर ते उजवीकडून आलं. तीन, आणि हे मला शिंप्याने सांगितलं, बटणपट्टी.

आमच्या गल्लीत एक टेलर काका आहेत, गेली अनेक वर्षं जेंट्सचंच शिवतात. मी लॅपटॉप घेऊन खाली गेले. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि म्हणाले, "ताई, हे जॅकेट बाईचं आहे." पुरुषांच्या कपड्यात घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे समोरून बघणाऱ्याला आपल्या उजवीकडची पट्टी वर दिसते, काज त्या पट्टीवर आणि बटणं खालच्या पट्टीवर. बायकांच्या कपड्यात बहुतेक उलट. एआयने ते कुठे उलटं केलं होतं, कुठे सुलटं, वरची दोन बटणं एका बाजूला आणि खालची तीन दुसऱ्या बाजूला झुकलेली. काका पुढे म्हणाले, कॉलर वर नुसती ठेवलेली नसते, ती गळ्याच्या शिवणीतून निघते, ती शिवण कुठाय? खरंच नव्हती. जॅकेटचं कापड वर जाता जाता आपोआप कॉलर झालं होतं. मुंड्याची शिवण पण एका खांद्यावर होती आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे एका बाजूला हे बिनबाह्यांचं जॅकेट आणि दुसऱ्या बाजूला जॅकेट आणि बाही एकच.

मग मी फिलचं बटण आणखी वीस वेळा दाबत बसण्याऐवजी खरी कॉलरच आणायची ठरवलं. काकांकडे गिऱ्हाइकाचं नाही, त्यांचं स्वतःचं एक फिकट राखाडी जॅकेट होतं. ते त्यांना कुर्त्यावर घालायला लावलं, दुकानाच्या दारात असं उभं केलं की उजेड आपल्या डावीकडून येईल, खांदे थोडे वळवले आणि सात-आठ फूट लांबून मोबाईलच्या झूमने फोटो काढला. जवळून काढला असता तर मोबाईलची वाइड लेन्स छाती फुगवते आणि कॉलर मागे पळते, ग्रुप फोटो लांबून काढलेला असतो त्याच्याशी ते जुळत नाही. फिकट राखाडी मुद्दाम, कारण फिकट कापडाला मरून करता येतं, काळ्या जॅकेटला मात्र रंग चढवायला गेलं की घड्या आणि शिवणी त्या काळ्यातच राहतात, बाहेर येतच नाहीत.

त्या फोटोतून फक्त कॉलर, गळ्याची शिवण आणि वरच्या दोन बटणांपर्यंतची पट्टी कापली, दादांच्या मानेवर बसवली, वार्पने थोडं वळवलं, उंची 66 पिक्सेलच्या आसपास आणली, मल्टिप्लायवर मरून रंग दिला. खालचं जॅकेट एआयचंच ठेवलं पण बटणपट्टी सरळ खाली ओढून नीट केली. दोन सावल्या हाताने घातल्या, हनुवटीची कॉलरवर आणि कॉलरची मानेवर. त्यासाठी 50 टक्के राखाडी भरलेला लेयर सॉफ्ट लाइटवर ठेवते आणि त्याच्यावर मऊ ब्रशने काळं अगदी हलकं, 5-6 टक्के फ्लोने. टी-शर्टचा गळा मोकळा होता म्हणून मानेची त्वचा आधी सगळीकडे सारखी उजळ होती, कॉलर आल्यावर ती तशीच राहिली असती तर कॉलर कागदाची चिकटवल्यासारखी दिसली असती. आतून कुर्त्याची क्रीम पट्टी पण दोन्ही बाजूंनी दोरीएवढी दिसायला हवी, एआयने ती एकाच बाजूला दाखवली होती.

बाह्यांच्या बाबतीत मोठी चूक ही होते की लोक दोन्ही बाह्या पिक्सेलमध्ये सारख्या करायला जातात. त्या सारख्या नसतातच. दादांचा उजवा हात सरळ खाली सोडलेला, डावा हात कोपरात वाकवून मोबाईल धरलेला. हात वाकला की बाही वर ओढली जाते, माझ्या स्वतःच्या कुर्त्यावर मोजलं तर दीड इंच वर गेली. म्हणजे फरक असायलाच हवा पण 65 पिक्सेलच्या आसपास, 210 नाही. खूण म्हणून मी मनगटाचं हाड धरते, सरळ हाताची बाही त्या हाडापर्यंत, वाकलेल्या हाताची घड्याळाच्या वर. वाकलेल्या हाताची बाही कोपराखाली अर्ध्यातच संपत होती, म्हणून तिथेच छोटं सिलेक्शन केलं, कोपरापासून घड्याळापर्यंत, 400 बाय 350 पिक्सेलचं, आणि तेवढंच परत फिल केलं. एवढ्याशा सिलेक्शनमध्ये एआय चांगलं वागतं, तुकडा ताणावा लागत नाही त्यामुळे विणही साफ येते. चौथ्या प्रयत्नात बरी बाही मिळाली. घड्याळ आणि बोटं ओरिजिनलमधून वर ठेवली होतीच. कोपराच्या आतल्या बाजूला चुण्या हव्या होत्या, त्या आल्या नव्हत्या, त्या दुसऱ्या बाहीवरून उचलून डॉज-बर्नने बसवल्या. कफची रुंदी दोन्हीकडे जुळवली.

घेर मी सगळ्यात शेवटी घेतला. क्रीम कुर्ता आणि खाली क्रीम पायजमा, एआयला त्यातली कड सापडलीच नाही, आणि भरीस भर सिलेक्शन नेमकं गुडघ्यापाशी संपत होतं, म्हणजे कापड जिथे संपायला हवं तिथेच त्याची जागा संपली. त्यामुळे ते मेणासारखं ओघळून पायजम्यात विरलं. याला ब्लर, शार्पन काही उपयोगाचं नाही, तिथे कडच नाही तर शार्पन कशाला करणार.

कड हाताने काढली. आधी तिचा आकार. कॅमेरा छातीच्या उंचीवर होता, कुर्त्याचा घेर त्याच्या खाली, आणि नजरेच्या खाली असलेला गोल समोरून बघितला की त्याची पुढची कड मध्ये खाली झुकलेली दिसते, ताटाची समोरची कड दिसते तशी. म्हणून पेन टूलने सरळ रेघ नाही, मध्ये किंचित खाली आलेली कमान काढली आणि जिथे घडी पुढे येते तिथे कड थोडी खाली, जिथे घडी आत जाते तिथे थोडी वर. दोन्ही बाजूंना साइड कट दिला. मग पाथचं सिलेक्शन करून कुर्ता तिथे कापला. फेदर किती द्यायचा हे मी अंदाजाने ठरवत नाही, त्याच फोटोत बहिणीच्या साडीची कड 300 टक्के झूम करून बघितली, गडदाकडून फिकटाकडे जायला तिला तीन पिक्सेल लागत होते, तर माझ्या कडेला पण तेवढेच. त्यासाठी एक पिक्सेलचा फेदर पुरला. दहा पिक्सेलचा फेदर दिला की कड पुन्हा वितळते, आणि शून्य दिला की कात्रीने कापल्यासारखी.

कडेच्या वर 22 पिक्सेलवर दुमडीची शिवण काढली, एक अगदी बारीक गडद रेघ, घड्यांसोबत वरखाली होणारी. दुमडीत कापड जास्त पदरी असतं म्हणून ती पट्टी केसभर गडद. कडेच्या खाली पायजम्यावर सावली, डावीकडून ऊन म्हणून उजवीकडे थोडी जास्त. रंग मी एक तडजोड करून बदलला, काकूंना विचारून पायजमा क्रीमऐवजी पांढऱ्याकडे नेला, तेवढ्याने कड डोळ्याला लगेच सापडायला लागली. उजवीकडे साडीत मिसळलेला भाग ओरिजिनलच्या मास्कने आधीच सुटला होता.

हे सगळं झाल्यावरही 100 टक्क्यांवर बघितलं तर कुर्ता बाकीच्या फोटोपेक्षा गुळगुळीत होता. संध्याकाळी काढलेला फोटो, आयएसओ 1600, त्यात बारीक दाणा होता, एआयच्या कापडात तो नव्हता आणि टेलर काकांच्या कॉलरमध्ये मोबाईलचा वेगळाच होता. 50 टक्के राखाडी लेयर ओव्हरलेवर, त्याच्यावर `Filter > Noise > Add Noise`, गॉशियन, मोनोक्रोमॅटिक, 3 टक्के, आणि नंतर अर्धा पिक्सेल गॉशियन ब्लर कारण कॅमेऱ्याचा दाणा इतका टोकदार नसतो. हा लेयर फक्त बदललेल्या कपड्यांवर मास्क केला. शेजारच्या वडिलांच्या कुर्त्याशी जुळेपर्यंत ओपॅसिटी कमी-जास्त केली.

स्क्रीनवर समाधान झालं तरी मी मोठी प्रिंट लगेच टाकत नाही. 24 इंचाला 6000 पिक्सेल म्हणजे इंचाला 250. त्याच मापात फोटोतून 1500 बाय 1000 चे तुकडे कापले तर ते बरोबर 6 बाय 4 इंचाचे होतात, साध्या पोस्टकार्ड साइझला प्रिंट होतात आणि फ्रेममध्ये जेवढे मोठे दिसणार तेवढेच दिसतात. दोन तुकडे काढले, एक मान-खांदा आणि एक घेर. शालिमारजवळच्या लॅबमधून आणले आणि खिडकीत धरून बघितले. घेर ठीक होता. कॉलरचा मरून प्रिंटमध्ये बाकीच्या जॅकेटपेक्षा थोडा तपकिरी आला, स्क्रीनवर तो फरक मला दिसलाच नव्हता. खालच्या जॅकेटचा रंग डोळ्यापुढे ठेवून कर्व्ह्जमध्ये कॉलरचा लाल थोडा वाढवला, हिरवा किंचित कमी केला, परत एक तुकडा काढला, जुळला.

एक गोष्ट मी सोडून दिली आणि काकूंना तसं सांगितलं. जॅकेटच्या खिशाला दादांच्या खऱ्या जॅकेटसारखी बारीक जरीची किनार हवी होती. इतक्या लहान जागेत, जेमतेम 15 पिक्सेल उंचीत, नक्षी काढली की ती फ्रेममध्ये डाग वाटते. खिसा प्लेन ठेवला.

फ्रेम घ्यायला काकू आणि दादा दोघं आले होते. काकूंनी आधी स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि पर्सचा पट्टा खालपर्यंत गिरवला, मी फोनवर त्यांना ते सांगितलं होतं. दादा मात्र स्वतःच्या डाव्या मनगटाकडे बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "घड्याळ माझंच आहे ना हे?" त्यांचंच होतं, काच तडकलेली सुद्धा तशीच.